सहीपुरती डायरेक्टर

ताईला डायरेक्टर केलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि पुढेही कशाबद्दलच कधी विचारलं नाही. घराण्याची शिस्त एकूण नीट पाळली गेली म्हणायची.

वडिलांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. त्याची कंपनी करायची ठरली तेव्हा कायदा म्हणाला, निदान दोन डायरेक्टर पाहिजेत. एक वडील झाले. दुसरी आई व्हायची, पण ती म्हणाली, "मला घरात काय कमी कटकटी आहेत?" धाकटा भाऊ तेव्हा हाफ चड्डीत होता आणि डायरेक्टर होण्यासाठी फुल पँट लागते असा समज होता. उरली ताई. ती नुकतीच सज्ञान झाली होती आणि घरात बसून होती, म्हणजे पात्रता पूर्ण होती.

पुढे तिचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती परदेशात गेली, तिथे तिने कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं आणि चालवून दाखवलं. वडील गेले. त्यांच्या खुर्चीत धाकटा बसला. मृत्युपत्रात शेअर्सचीही वाटणी झाली होती. ते भावाने तिला फोनवर सांगितलं, "ताई, तुझंही नाव आहे हं त्यात," असं. लग्नपत्रिकेत खाली बारीक अक्षरात कुणाचं तरी नाव घातल्याचं सांगतात, त्या सुरात. किती आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. भावाला असं विचारायचं म्हणजे ताटात वाढलेलं मोजून बघण्यासारखं.

डायरेक्टर म्हणून तिचं काम एकच होतं. वर्षातून एकदा-दोनदा घरून जाडजूड पाकीट यायचं. जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारलेली असायची. ताई दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर, एक पँट उतरवून दुसरी चढवायच्या मधल्या वेळात, फुल्या शोधून सह्या ठोकायची. कागदावर काय लिहिलंय हे वाचायचा प्रश्न नव्हता. फुली कुठे आहे ते वाचता येत होतं, तेवढं साक्षर असणं पुरेसं होतं. नवरा तिला 'डायरेक्टरसाहेब' म्हणायचा, विशेषतः कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवायला सांगताना.

तर या वेळी धाकट्याचा फोन आला.

"ताई, एक छोटं काम आहे. पाकीट नाही पाठवत आता. दर वेळी तुला त्रास, कुरियरचा त्रास. एकदाच मुखत्यारपत्र करून टाकू. तुझ्या वतीने तुझा भाचा सह्या करेल. तुझी कायमची सुटका."

"मुखत्यारपत्र म्हणजे?"

"अगं, फॉरमॅलिटी आहे. तिकडच्या नोटरीसमोर एक सही. वकिलांनी तयार केलंय, मी पाठवतो."

कायमची सुटका हा शब्द ताईला आवडला. सुटका नेमकी कोणाची, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता, पण समोर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवून पडलं होतं.

कागद आला. मराठीत होता, म्हणून ताईने मोठ्या आत्मविश्वासाने उघडला. पहिलं वाक्य पान उलटलं तरी संपत नव्हतं. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'मजकूर कंपनी', 'सदरहू मुखत्यार', 'करणेचा', 'देणेचा', 'घेणेचा'. आपण मराठी विसरलो की काय, अशी तिला शंका आली. नवऱ्याने चष्मा लावून दोन परिच्छेद वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"तुझ्या भावाने वकील चांगला गाठलाय," तो म्हणाला. "काही म्हणता काही कळत नाही."

नोटरीचं ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढून गेलं की जाड गालिचा लागायचा, आणि आपलेच पाय आपल्याला ऐकू येईनासे व्हायचे. नोटरी उंच, किडकिडीत, बोलताना प्रत्येक शब्द जणू तराजूत टाकून मग देणारा. त्याने कागद चाळला आणि सांगितलं की या कागदाचं इथल्या भाषेत शपथेवर भाषांतर करून घ्यावं लागेल, आणि सहीच्या वेळी दुभाषीही लागेल. सही करणाऱ्याला काय लिहिलंय ते समजलंय, याची खात्री पटल्याशिवाय तो स्वतःची सही करत नाही.

ताईला राग आला. इतकी वर्षं ती याच भाषेत गिऱ्हाइकांशी भांडत होती. "मला दुभाषी नको," ती ठणकावून म्हणाली. "मला तुमची भाषा येते."

नोटरी नम्रपणे म्हणाला, "ठीक आहे. मग या कागदात दिलेला अधिकार" आणि पुढे त्याने एक शब्द उच्चारला, "आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

तो शब्द ताईला पाठ होता. दुकानात येणाऱ्या रंगाच्या डब्यांवर तोच छापलेला असायचा. "हो," ती म्हणाली. "धुतला तरी जात नाही."

नोटरीने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "अर्थ अगदी बरोबर आहे. तरीही आपण दुभाषी बोलावू."

दुसऱ्या भेटीला दुभाषीबाई हजर होत्या. भाषांतरही त्यांनीच केलं होतं. कागद आता दोन रकान्यांत उभा होता, डावीकडे वकिलाचं मराठी, उजवीकडे इथली भाषा. नवऱ्याला नोटरीने बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. सही करणारीने स्वतःच्या मनाने करायची, नातेवाईक शेजारी नकोत. नवरा बाहेर एका कुंडीशेजारी बसला. लग्नानंतर ताईच्या मनात काय आहे हे तिला एकटीला गाठून कुणीतरी पहिल्यांदाच विचारणार होतं, म्हणून तो जरा काळजीत होता.

नोटरी काहीतरी बोलला. दुभाषीबाई म्हणाल्या, "नमस्कार. मी नोटरी आहे."

ताईने आधी बाईंकडे पाहिलं, मग त्या किडकिडीत माणसाकडे. "मग हे कोण?"

"हे नोटरी आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते 'मी' म्हणाले की मीही 'मी' म्हणते. माझं स्वतःचं मत मी देणार नाही. द्यायची मला परवानगीही नाही. तुम्ही त्यांच्याशी बोला."

मत द्यायची परवानगी नाही आणि तरी इतकं बोलायला मिळतं, ताईला ही नोकरी माहेरपणासारखी वाटली.

वाचन सुरू झालं. नोटरी उजवा रकाना एकेक कलम करून वाचायचा, थांबायचा, कलमाचा अर्थ सांगायचा, आणि दुभाषीबाई ते सगळं साध्या, घरगुती मराठीत आणून ठेवायच्या. डाव्या रकान्यातलं मराठी तिला कळलं नव्हतं. ते परक्या भाषेत जाऊन, कपडे बदलून परत आलं तेव्हा कळायला लागलं. मराठीतून मराठीत यायला इतका मोठा वळसा घ्यावा लागतो, हे तिला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

"पहिलं कलम," बाई म्हणाल्या. "कंपनीचे अर्धे शेअर्स तुमच्या नावावर आहेत."

"किती?"

"अर्धे."

"अर्धे म्हणजे अर्धे?"

नोटरीने मान हलवली. हे त्याला भाषांतराशिवाय समजलं.

ताई खुर्चीत नीट बसली. आत्तापर्यंत ती खुर्चीच्या कडेला बसली होती, मुलीच्या शाळेत तक्रार ऐकायला आलेल्या आईसारखी. आता पाठ टेकवली. अर्ध्या कंपनीच्या मालकिणीने इतकं तरी करायला हरकत नव्हती.

"दुसरं कलम. तुमचा भाचा हे सगळे शेअर्स विकू शकेल, गहाण टाकू शकेल किंवा बक्षीस देऊ शकेल. हे वेगवेगळं लिहिलंय, कारण मोघम 'सगळे अधिकार' म्हटलं तर ते फक्त कारभार पाहण्यापुरते धरले जाऊ शकतात. विकायचं किंवा फुकट द्यायचं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. इथे स्पष्ट लिहिलंय."

"वकील हुशार आहे," ताई म्हणाली.

"ते मी भाषांतर करू का?" दुभाषीबाईंनी विचारलं.

"नको."

"तिसरं कलम. भाचा हे शेअर्स स्वतःलाच विकू शकतो. म्हणजे तुमच्या वतीने विकणारा तोच आणि घेणाराही तोच. असा व्यवहार एरवी संशयाने पाहिला जातो, कारण दोन्ही बाजूंनी एकच माणूस घासाघीस करतो. इथे तुम्ही त्याला आधीच मोकळीक देताय."

स्वतःशीच घासाघीस करताना भाचा किती भाव पाडेल, याचा ताईने विचार केला. भाचा गोड होता, मऊ होता, पण लहानपणी दोन्ही हातांनी लाडू घ्यायचा.

"चौथं. स्वतःच्या जागी तो दुसरा कुणीही मुखत्यार नेमू शकतो."

"दुसरा कोण?"

"कुणीही. नाव लिहिलेलं नाही."

"पाचवं," असं म्हणून नोटरीने कागद चष्म्याजवळ नेला, पुन्हा लांब धरला आणि दुभाषीबाईंना काहीतरी विचारलं. त्यांनी डावा रकाना दाखवला. त्यांचं हलक्या आवाजात बोलणं झालं. मग बाई म्हणाल्या, "भाषांतर मी कागदात आहे तसंच केलंय, हे माझं म्हणणं. उभी पिकं, झाडं, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा आणि गुरंढोरं यांची विल्हेवाट लावण्याचा अधिकार. आता नोटरी म्हणून मी विचारतो, खोक्यांच्या कारखान्यात गुरं आहेत का?"

"नाहीत," ताई म्हणाली. "म्हणजे तशी नाहीत."

वकिलाने कुठल्यातरी शेतजमिनीच्या जुन्या कागदावर कंपनी चिकटवली होती. तिकडच्या गुराढोरांबरोबर ताईचीही विल्हेवाट लागत होती. जातच आहे गाडी, तर हेही टाका वर, असा हिशेब.

सहाव्या कलमाला नोटरी थांबला. पाणी प्यायला. मग म्हणाला, आणि बाई म्हणाल्या, "इथे मी सावकाश बोलणार आहे. कंपनीच्या कर्जाला तुमच्या वतीने वैयक्तिक जामिनकी लिहून देण्याचा अधिकार. याचा अर्थ असा. कर्ज कंपनी घेईल. कंपनीने ते फेडलं नाही तर बँक तुमच्याकडे येईल. कंपनीतल्या तुमच्या हिश्श्यापुरती नाही, तुमच्याकडे. तुमचं दुकान आहे?"

"आहे."

"घर?"

"आमच्या दोघांच्या नावावर आहे."

"त्यातला तुमचा हिस्सा. आणि रकमेची मर्यादा इथे लिहिलेली नाही."

ताईच्या डोळ्यांसमोर इस्त्रीचं टेबल आलं, शिलाई मशीन आली, भिंतीवर रांगेने लटकवलेले तयार कपडे आले. ते सगळं उचलून नेणारी बँक आली. बँकेच्या माणसांनी निदान कपडे तरी गिऱ्हाइकांना परत द्यावेत, असाही एक वेडा विचार आला.

"पुढे वाचा," ती म्हणाली.

पुढे डायरेक्टर म्हणून तिचे सगळे अधिकार भाचा वापरणार होता, बैठकीत तिच्या जागी बसून मत देणार होता, कारखान्याची जमीन तिच्या वतीने विकणार होता. इथे मात्र नोटरीने बोट वर केलं.

"हे कलम मला मान्य होण्यासारखं नाही. कंपनी तुमच्या देशातली आहे, तिथला कायदा तिथल्या वकिलाला विचारून खात्री करा. पण तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. शेअरहोल्डर म्हणून जे तुमचं आहे ते तुम्ही दुसऱ्याच्या हाती देऊ शकता. शेअरहोल्डरांच्या सभेला तुमच्या वतीने माणूस पाठवता येतो. कारखान्याची जमीन तुमची नाही, कंपनीची आहे. ती विकायची तर कंपनीने ठराव करायचा. तुमच्या खासगी मुखत्यारपत्राने ती विकता येत नाही. आणि डायरेक्टरने कंपनीसाठी स्वतःची बुद्धी वापरायची असते. ती मुखत्यारामार्फत वापरता येत नाही. हे बहुतेक ठिकाणी सारखंच आहे."

ताई हळूच म्हणाली, "आत्तापर्यंत तर पेन्सिलमार्फत वापरत होते."

हेही भाषांतर करू का, असं दुभाषीबाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त खालच्या कागदाकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"डायरेक्टर किती आहेत?" नोटरीने विचारलं.

"मी आणि भाऊ."

"मग बैठकीला तुम्ही दोघंही असल्याशिवाय बैठक भरतच नसेल. निदान दोघं लागतात. आजवर बैठका कशा झाल्या?"

ताईला पाकिटांतले ते लांबट कागद आठवले. वरती तारीख, खाली 'हजर संचालक', दोन नावं आणि तिच्या नावासमोर फुली. म्हणजे ती इतकी वर्षं प्रत्येक बैठकीला हजर होती! जाऊन आली होती, बसली होती, ठराव मांडले होते, आणि तिला चहासुद्धा कुणी विचारला नव्हता.

"झाल्या," ती म्हणाली. याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते नोटरीसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटची तीन कलमं नोटरीने एका दमात घेतली. भाचा तिच्या वतीने तिचा डायरेक्टरपदाचा राजीनामा देऊ शकत होता. त्याने जे जे केलं ते ते तिनेच केलं असं तिला मान्य करावं लागणार होतं. आणि हे मुखत्यारपत्र रद्द करता येणार नव्हतं, रंगाच्या डब्यावरचा शब्द तो हाच.

"मुखत्यारपत्र साधारणपणे देणाऱ्याला हवं तेव्हा परत घेता येतं," बाई म्हणाल्या. "इथे घेता येणार नाही असं लिहिलंय. ते कोर्टात कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न आहे. पण कोर्टात तुम्हाला जावं लागेल. आता मी विचारतो, तुम्हाला हे सगळं समजलं का? आणि समजलं असेल तर हे सगळं तुम्हाला द्यायचं आहे का?"

आपल्याकडे काय काय आहे, हे ताईला देण्याच्या यादीवरून कळलं होतं. घरातली भांडी मोडीत काढायला बसावं आणि मोडवाल्याने सांगावं की बाई, हे चांदीचं आहे, तसं झालं होतं.

"मला एक फोन करायचाय," ती म्हणाली.

फोन तिने जिन्यात उभं राहून केला. नवरा कुंडीजवळून उठून मागोमाग आला आणि एक पायरी वर उभा राहिला, ऐकू येईल इतका जवळ आणि ऐकत नाही असं म्हणता येईल इतका लांब.

"झाली सही?" धाकट्याने विचारलं.

"शेअर्स अर्धे आहेत माझे?"

"अगं, तुला माहितीच होतं ना ते."

"मला 'नाव आहे' एवढं माहिती होतं. आणि जामिनकी कसली?"

"बँकेला लागते, ताई. नवीन मशीन घ्यायचंय, कटिंग आणि छपाई एकत्र करणारं. कर्ज मोठं आहे. दोन्ही डायरेक्टरांची हमी मागतात. फॉरमॅलिटी आहे ती."

"फॉरमॅलिटीत माझं दुकान जाईल रे."

"दुकान कशाला जातंय? कंपनी फेडणार आहे ना कर्ज."

"मग हमी कशाला मागतात?"

ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याच्यावर भाऊ मोठ्या आवाजात बोलतात, तसं धाकटा बोलला. "तुझा विश्वास नाहीये का माझ्यावर? वकिलांनी सगळं घातलंय, सेफ साइड म्हणून!"

"कोणाची?"

"काय कोणाची?"

"सेफ साइड. कोणाची?"

"ताई, तू त्या नोटरीचं ऐकून..."

"नोटरीने सगळं वाचून दाखवलं. तू वाचलंयस?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"वकिलांनी तयार केलंय म्हटल्यावर मी काय वाचायचं," धाकटा म्हणाला. "मी कारखाना चालवू की वकिली करू?"

"विहीर आणि गुरं दिलीयेत मी तुझ्या मुलाला. सांभाळ म्हणावं."

"काय?"

"पाचवं कलम. वाच."

फोन ठेवून ती वळली तर नवरा एक पायरी खाली उतरला होता. "सही करणार?" त्याने विचारलं. या वेळी 'डायरेक्टरसाहेब' म्हणाला नाही.

"तुमचं अर्धं घर आहे त्यात," ताई म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला आत येऊ दिलं नाही," तो म्हणाला. "त्यामुळे मला काही वाटत नाही. पण तू मला विचारलंस, ते बरं वाटलं."

आत जाऊन ताईने नोटरीला सांगितलं, हे मला द्यायचं नाही. नकोशी कलमं खोडून सही करू का, असंही तिने विचारलं, कारण पाहुणे आल्यासारखं इतक्या लोकांना बसवून रिकाम्या हाती उठणं तिला बरं वाटेना. नोटरीने नकार दिला. खाडाखोड केलेला कागद पुढे कुठल्या ऑफिसात उघडला तर प्रश्नच प्रश्न निघतील. काय द्यायचंय ते ठरवा आणि तेवढ्याचाच नवा कागद करा.

नवा कागद पानभराचा झाला. यंदाच्या शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेला भाच्याने तिच्या वतीने हजर राहावं, हिशेबांवर मत द्यावं. शेअर्सना हात लावायचा नाही, हमी द्यायची नाही, दुसरा माणूस नेमायचा नाही, आणि सभा संपली की अधिकारही संपला. दुभाषीबाईंनी डावा रकाना असा लिहिला की ताईला तो उजव्याशिवाय कळला. पुढच्या आठवड्यात त्याचं वाचन झालं, सह्या झाल्या, दुभाषीबाईंनीही सही केली, नोटरीने शिक्का मारून दोरा ओवला. माहेरच्या देशात चालावा म्हणून इथल्या सरकारी ऑफिसातून त्यावर प्रमाणपत्र चिकटवून घेतलं, आणि कागद घरी रवाना झाला. सोबत ताईने चिठ्ठी टाकली: डायरेक्टरांची पुढची बैठक असेल तेव्हा मला रीतसर नोटीस पाठव, मी व्हिडिओवर येईन. असं येता येत होतं तर आजवर मला का कळवलं नाहीस, हे विचारणार नाही.

घरी जे व्हायचं ते झालं. धाकटा बोलेनासा झाला. वहिनीने फोन करून सांगितलं की तिकडे राहून माणसं हिशेबी होतात. भाच्याने 'आत्या, मला फार वाईट वाटलं' असा मेसेज पाठवला आणि खाली रडणारं तोंड. ज्या आत्याला तो वर्षानुवर्षं वाढदिवसालाही विसरायचा, तिच्याविषयी त्याला इतकं काही वाटतं, हे एका जामिनकीमुळे उघड झालं. कडू औषधाचा एवढा तरी गुण असतो.

मग नोटीस आली. नोटीस पाठवणं भावाला भाग होतं. तिच्याशिवाय बैठक भरत नव्हती, आणि बैठकीच्या ठरावाशिवाय बँक दारात उभं करत नव्हती. तिच्या सहीला आता फुली चालणार नव्हती, एवढं त्याला कळलं होतं.

बैठकीच्या दिवशी ताईने दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. इस्त्रीचं टेबल पुसून त्यावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर वडिलांची खोली दिसली, भाऊ दिसला, त्याच्या शेजारी इतिवृत्त लिहायला वही घेऊन बसलेला भाचा दिसला. भाऊ बारीक झाला होता. हे आधी फोनवर कळायला हवं होतं, पण फोनवर माणसं बारीक होत नाहीत.

"विषय पहिला," धाकटा कागदाकडे बघत म्हणाला. "मशिनरीसाठी कर्ज."

"मशीन कसलं आहे, ते सांग आधी."

त्याने सांगितलं. आधी तुटक, मग नेहमीच्या आवाजात. मोठी गिऱ्हाइकं आता छापलेलीच खोकी मागतात, कोरी कुणी घेत नाही. दोन गिऱ्हाइकं सुटली. जुन्या मशीनचा माणूस निवृत्त होतोय. ताईने मधे मधे विचारलं, त्याने उत्तरं दिली. मध्येच तो म्हणाला, "हे तू बाबांसारखं विचारतेस," आणि मग कागद चाळू लागला, कारण ते कौतुक होतं की तक्रार हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

"हमी तू दिलीयेस का आधीच्या कर्जाला?" ताईने विचारलं.

धाकट्याने भाच्याकडे पाहिलं. "जा रे, चहा सांग," तो म्हणाला. भाचा गेला. मग तो कॅमेऱ्याजवळ सरकला.

"दिलीय. सही केली होती. त्या दिवशी तुझा फोन आला ना, त्यानंतर पहिल्यांदा वाचली." त्याने कपाळावरून हात फिरवला. "घर आहे गं त्यात. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही."

ताईला वाटलं होतं, भाऊ शिकारी आहे आणि आपण सावज. तो तिच्यासारखाच निघाला, फुल्या शोधून सह्या करणारा. फक्त त्याच्या फुल्या बँकेने मारलेल्या होत्या.

"म्हणून माझीही हवी होती?"

"बँक म्हणाली, तुमच्या एकट्याची पुरत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. वकील म्हणाले, एकदाच सगळं घेऊन टाका."

"मला सांगायचं होतंस."

"तू प्रश्न विचारले असतेस ना मग."

"म्हणूनच सांगायचं होतंस," ताई म्हणाली.

बैठक बराच वेळ चालली. नवीन मशीनऐवजी वापरलेलं पाहायचं ठरलं. कर्ज लहान घ्यायचं, तारण म्हणून कंपनीचं मशीन आणि येणी द्यायची, ताईची हमी नाही. बँक हो म्हणेल की नाही याची खात्री कोणाला नव्हती. शिवाय आपल्या हमीला निदान रकमेची मर्यादा घालून मिळते का, हे धाकट्याने बँकेत विचारायचं ठरलं. भाऊ म्हणाला, ते नाहीच म्हणतील. ताई म्हणाली, ते नाही त्यांना म्हणू दे, तू आधीच म्हणू नकोस. चहा घेऊन परतलेल्या भाच्याने इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.' चर्चेत आवाज किती चढले होते ते त्यात आलं नाही, आणि ते बरंच झालं.

बँकेने लहान कर्ज दिलं, मर्यादेला मात्र नकार दिला. वापरलेलं मशीन आलं, पहिल्याच आठवड्यात बिघडलं, दुरुस्त झालं, चालतंय. वहिनीला कळलं. घरात काय झालं ते ताईला कुणी सांगितलं नाही, पण त्या रविवारी वहिनीचा स्वतःहून फोन आला आणि तिने हिशेबी माणसांबद्दल काही म्हटलं नाही. "तुमच्या त्या नोटरीसारखं इकडे कुणी असतं का हो," एवढंच विचारलं.

पुढच्या एका सकाळी ताई एका जाकिटाची चेन बसवत होती. धाकट्याचा फोन आला.

"ताई, वेळ आहे का?"

"बोल."

"माझ्या हमीच्या कागदात एक कलम आहे. 'सलग व अमर्याद स्वरूपाची.' दहा वेळा वाचलं. तू जरा समजावून सांगशील?"

ताईने जाकीट बाजूला ठेवलं, चष्मा पुसला. "सावकाश वाच," ती म्हणाली. "एकेक शब्द."

आणि तो वाचू लागला.